जुनं दुःख अचानक गाठतं तेव्हा : असा प्रसंग कसा लिहावा?



आज एका अवघड विषयावर लिहिते आहे. घरातलं कुणी जाऊन बरीच वर्षं झालेली असतात. रडून झालेलं असतं, वर्षश्राद्धं झालेली असतात, फोटोवरचा हार बदलतानाही आता हात थांबत नाही. आणि मग एखाद्या साध्या दिवशी, भाजी निवडताना किंवा बसची वाट बघताना, ते दुःख पहिल्या दिवसासारखं समोर येऊन उभं राहतं. हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. पण तो लिहायला बसलं की हमखास बिघडतो. का बिघडतो आणि कसा लिहावा, ते एका उदाहरणातून पाहू. उदाहरण माझंच आहे. आधी मात्र मी केलेली एक चूक सांगते.

लाल पेनाने केलेली चूक

पाच वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गाला मी 'माझी आजी' हा निबंध दिला होता. फळ्यावर मुद्दे लिहून दिले होते : आजीचं दिसणं, तिचा स्वभाव, तिच्या गोष्टी, ती मला का आवडते. सगळ्यांच्या आज्या प्रेमळ, कष्टाळू आणि पांढऱ्याशुभ्र केसांच्या झाल्या. एका मुलीने मात्र साधारण असं लिहिलं होतं :

'आजी गेली तेव्हा मी रडले नाही. मी पहिलीत होते. या दिवाळीत शंकरपाळ्या कडक झाल्या. आई म्हणाली मोहन कमी पडलं. मग मी रडले. मग आम्ही त्या चहात बुडवून खाल्ल्या.'

मी खाली लाल पेनाने शेरा दिला, 'विषयाला सोडून. आजीचे गुण लिही.' दहापैकी चार गुण दिले.

आज ते आठवलं की मान खाली जाते. या विषयावर मला जे शिकायला पुढे कित्येक वर्षं लागली, ते सगळं त्या सहा ओळींत होतं. आजी गेली त्या दिवशी रडू आलं नाही. तीन वर्षांनी शंकरपाळी दाताखाली आल्यावर आलं. मोहन किती घालायचं ते आजीच्या हाताला माहीत होतं, वहीत कुठे लिहिलेलं नव्हतं. आजी नाही म्हणजे नेमकं काय नाही, हे त्या घराला शंकरपाळीने सांगितलं. आणि शेवटी त्यांनी त्या खाल्ल्या, कारण फराळ कुणी टाकून देत नाही.

हे नेमकं काय असतं?

थेरेसे रँडो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या अनुभवाला एक नाव दिलं आहे. त्याचा मराठीत साधा अर्थ 'नंतर येणारी, दुःखाची तात्पुरती उसळी' असा होईल. यातले तिन्ही शब्द लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावेत. ती *नंतर* येते, म्हणजे मधला काळ माणूस नीट जगलेला असतो. ती *उसळी* असते, म्हणजे हळूहळू चढत नाही, एकदम येते. आणि ती *तात्पुरती* असते, म्हणजे थोड्या वेळाने ओसरते आणि माणूस हातातलं काम पुढे चालू करतो. ती आली म्हणजे दुःखातून बाहेर पडायचं राहून गेलं किंवा मन कमकुवत आहे, असं नाही.

मग साध्या दिवशीच का? श्राद्धाच्या दिवशी, पितृपक्षात किंवा वाढदिवसाला आपण मनाने तयार असतो. आज आठवण येणार हे माहीत असतं, त्यामुळे आठवण आली तरी धक्का बसत नाही. फोटोचंही तसंच आहे, तो आठवण काढण्यासाठीच लावलेला असतो. रोज बघून डोळ्यांना त्याची सवय होते. उलट एखादा वास, एखादी चाल, कुणाची तरी खोकण्याची पद्धत, भाकरी थापण्याचा आवाज, यांची आपण कधी तयारी केलेली नसते. त्या वस्तूला ते माणूस चिकटलेलं आहे, हेच आपल्याला माहीत नसतं. समोर आल्यावर कळतं.

याचं जगभर वाचलं गेलेलं एक उदाहरण मार्सेल प्रूस्त या फ्रेंच लेखकाच्या प्रदीर्घ कादंबरीत आहे. तिच्या चौथ्या खंडात निवेदक समुद्रकाठच्या एका हॉटेलात दुसऱ्यांदा राहायला येतो. थकलेला असतो. बूट काढायला वाकतो, बुटाच्या पहिल्या बटणाला हात लागतो आणि हुंदका फुटतो. कारण पूर्वी याच हॉटेलात, पहिल्या रात्री, त्याचे बूट आजीने काढले होते. आजीला पुरून तेव्हा वर्ष उलटून गेलेलं असतं. ती खरोखर गेली आहे, हे त्याला त्या बटणापाशी समजतं. या प्रसंगात मोठं काही घडत नाही. आहे ते फक्त वाकणं आणि बटण.

माझा प्रसंग आणि माझा बिघडलेला निबंध

आता माझं सांगते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, जाऊन अकरा वर्षं झाली. गेल्या वर्षी एका बुधवारी वर्गात वह्या तपासताना एका मुलाच्या वहीला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर दिसलं. त्यावर त्याच्या आजोबांनी दुधाचा हिशोब लिहिला होता, जुन्या पद्धतीने, १॥ असा. अण्णाही असंच लिहायचे.

तरुण पालकांसाठी सांगते. पूर्वी पाव, अर्धा, पाऊण हे आकड्यापुढे उभ्या रेघा देऊन लिहीत. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. आपण मुलांना आता १.५ शिकवतो. रेघांची ही रीत मला कुठल्याही वर्गात कुणी शिकवली नाही. अण्णांच्या कॅलेंडरवर बघून बघून ती वाचायला आली.

त्या रात्री घरी येऊन मी पहिल्यांदा जे लिहिलं ते असं होतं :

'वडील म्हणजे वटवृक्षाची सावली. आज वर्गात वह्या तपासताना अचानक मला माझ्या दिवंगत वडिलांची तीव्र आठवण झाली. काळजात चर्र झालं. डोळ्यांत अश्रूंच्या धारा लागल्या. बाहेर आभाळही भरून आलं होतं. खरंच, आपली माणसं शरीराने जातात पण आठवणींच्या रूपाने सदैव आपल्यासोबत असतात.'

स्वतःच वाचलं आणि वाटलं, हे मी कुठल्याही मुलाच्या निबंधमालेतून उचललं असतं तरी चाललं असतं. यात अण्णा कुठेच नाहीत. दोष एकेक करून पाहू.

पहिला दोष, वाचकाला आधीच सावध केलं. पहिल्या वाक्यात वडील आले की पुढे काय येणार ते कळलंच. दबा धरून बसलेल्याने आधी हाक मारली तर दबा कसला? 'अचानक' हा शब्द लिहून काही अचानक होत नाही. वाचकाचं लक्ष दुसरीकडे असताना गोष्ट घडली, तरच ती अचानक होते.

दुसरा दोष, आठवण कशाने आली तेच लिहिलं नाही. १॥ हा आकडा गायब. तो नसेल तर हा प्रसंग माझा राहत नाही.

तिसरा दोष, भावनेचं नाव आधी सांगितलं. प्रत्यक्षात माझ्या हाताला आधी काहीतरी झालं, कोण आठवलं ते नंतर कळलं. मी उलट क्रमाने लिहिलं.

चौथा दोष, खोटं लिहिलं. त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि माझ्या डोळ्यांतून धारा वगैरे काही लागल्या नव्हत्या. सत्तावीस मुलं समोर होती.

पाचवा दोष म्हणजे शेवटचं सुविचाराचं वाक्य. आणि ते मला त्या क्षणी खरंही वाटलं नव्हतं. अण्णा सोबत आहेत असं वाटलं असतं तर रडू कशाला आलं असतं? ते नाहीत, हेच तर लागलं होतं.

दुसऱ्यांदा लिहिलेला प्रसंग

महिनाभराने मी तोच प्रसंग पुन्हा लिहिला.

'बुधवार होता. खिचडीनंतरची वेळ. मुलांना वाचनाला बसवून मी गणिताच्या वह्या घेतल्या. सत्तावीस होत्या. हातच्याची वजाबाकी. सहाव्या वहीत हातचा घ्यायचा राहिला होता, सातव्या वहीतही नेमका तिथेच. म्हणजे दोघं शेजारी बसले होते. अकराव्या वहीला कव्हर नव्हतं. बाराव्या वहीच्या कव्हरवर तेलाचा डाग होता. तेराव्या वहीला जुन्या कॅलेंडरचं पान घातलं होतं. नऊ तारखेखाली पेन्सिलने १॥, दहाखाली १॥, अकराखाली फुली, बाराखाली १.

दीड, दीड, नाही, एक.

मी पेनाला टोपण लावलं. का लावलं कळलं नाही. परत काढलं आणि चौदावी वही उघडली. ४२ वजा १७. उत्तर २५ लिहिलं होतं. मी ते तीनदा वाचलं. बरोबर की चूक, मला सांगता येईना.

"हे कुणी लिहिलंय रे कव्हरवर?"

"आजोबांनी. दुधाचं आहे, बाई. त्यांना तसंच येतं."

आमच्याकडे अण्णा लिहायचे. कॅलेंडरच्या खिळ्याला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली असे आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्या शेवटच्या महिन्यात सतरा तारखेपर्यंत आकडे आहेत. दूध त्यानंतरही रोज येत होतं. महिना संपल्यावर दूधवाल्याने सांगितले तेवढे पैसे आईने दिले.

"बाई, माझं चुकलं का?"

चौदाव्या वहीवाला टेबलाशी येऊन उभा होता.

"नाही," मी म्हटलं. "पंचवीस बरोबर आहे."

टिक केली आणि पंधरावी वही घेतली.'

यात काय बदललं?

क्रम बदलला, बाकी फार काही नाही. सुरुवातीला वह्या तपासण्याचं काम आहे, आणि ते खरोखर तपासलं आहे. दोन मुलांची चूक एकाच जागी, म्हणजे ती शेजारी बसली होती, हे वाचताना शिक्षक वाचक हसतो आणि कामात गुंततो. या सुरुवातीला किमान पाच-सहा वाक्यं द्यावीत असा माझा अनुभव आहे. एक-दोन वाक्यांत वाचक गुंतत नाही, आणि पानभर लिहिलं तर कंटाळतो.

आठवण चाळवणारी वस्तू मी वेगळी काढून दाखवली नाही. कव्हर नसलेली वही, तेलाचा डाग असलेली वही, कॅलेंडरची वही, अशी ती रांगेत येते. प्रत्यक्षातही ती रांगेतच आली होती. 'तेवढ्यात माझं लक्ष एका विशेष वहीकडे गेलं' असं लिहिलं असतं तर पुन्हा तीच चूक झाली असती.

नंतर शरीर येतं. टोपण लावलं, परत काढलं, सोपी वजाबाकी समजेना. धक्का बसल्यावर माणसाला छातीत काय होतं ते सगळ्यांनी वाचलेलं आहे. पण गणित शिकवणाऱ्या बाईंना ४२ वजा १७ सांगता येत नाही, यावरून वाचकाला ओळखू येतं की काहीतरी झालं आहे. नाव अजून आलेलं नाही. तो थोडा वेळ वाचकाला प्रश्नात राहू द्या, कारण आपणही त्या वेळी प्रश्नातच असतो.

मग अण्णा येतात, पाच वाक्यांपुरते. इथे मोह होतो. त्यांचं आजारपण, दवाखाना, त्यांचे कष्ट, सगळं लिहावंसं वाटतं. मी पहिल्या खर्ड्यात ते सव्वा पान लिहिलंही होतं आणि मग काढलं. आठवणीचा तो झटका जेवढ्या वेळाचा होता तेवढीच वाक्यं द्यावीत. आणि जे आठवलं ते त्या वस्तूला चिकटलेलं असावं. सतरा तारखेनंतरचे रिकामे चौकोन आणि येत राहिलेलं दूध, यात त्यांचं जाणं आलं. 'ते वारले' हे वाक्य लिहावंच लागलं नाही.

शेवटी काम परत सुरू होतं. ही उसळी तात्पुरती असते, हे आपण वर पाहिलं. त्यामुळे शेवटी आयुष्य बदललं, नवा निर्धार केला, असं लिहिणं सहसा खोटं होतं. पंधरावी वही घेतली, हे खरं आहे.

एक मर्यादाही सांगते. ही रीत जुन्या दुःखासाठी आहे. माणूस जाऊन काही महिनेच झाले असतील तर साधा दिवस असा उरलेलाच नसतो, सगळेच दिवस त्याचे असतात. तेव्हाचं लिहिणं वेगळं, आणि तेव्हा लिहायचा आग्रहही धरू नये.

वर्गात घेताना

मुलांना 'दुःखाचा प्रसंग लिहा' असा विषय देऊ नका. मग सगळे शेजारच्या घरातला मृत्यू शोधतात. मी आता 'एक वस्तू दिसली आणि कुणीतरी आठवलं' एवढंच सांगते. ते कुणीतरी जिवंत असलं तरी चालतं. बदली होऊन गेलेल्या बाई, लग्न होऊन गेलेली आत्या, विकलेली शेळी, काहीही येतं. ज्याला जड काही लिहायचं असतं तो आपणहून लिहितो. त्याआधी एकच तोंडी प्रश्न विचारते, 'ती वस्तू दिसली तेव्हा तू काय करत होतास?' बहुतेक मुलं उत्तरातच पहिली चार वाक्यं सांगून जातात.

वर्गात कुणाचं मोठ्याने वाचून दाखवायचं ते मुलाला विचारूनच. लिहिताना एखादं मूल रडलं तर घाईने गप्प करू नये, त्याच्याजवळ बसावं, पाणी द्यावं आणि पुढे लिहायचं की थांबायचं ते त्याला ठरवू द्यावं. बऱ्याचदा पाच मिनिटांनी ते मैदानात पळत असतं. लहान मुलं दुःखात अशीच थोडा वेळ जातात आणि बाहेर येतात. त्याचा अर्थ त्यांना काही वाटत नाही असा घेऊ नये. समज वाढते तसं तेच जाणं त्यांना नव्याने कळतं, म्हणून पहिलीत न रडलेली मुलगी चौथीत रडते. पण एखादं मूल बरेच दिवस गप्प असेल, डबा तसाच परत नेत असेल, तर ती निबंधाची गोष्ट नाही. पालकांशी बोलावं आणि गरज वाटली तर समुपदेशकांकडे पाठवावं.

गुण देताना भावनेला गुण नाहीत हे मुलांना आधी सांगा. मी तीन गोष्टी बघते. वस्तू नेमकी आहे का, त्या वेळी चाललेलं काम दिसतं का, आणि क्रम खरा वाटतो का. किती रडला याला गुण दिले की मुलं रडणं वाढवून लिहितात.

पालकांनाही एक विनंती. निबंध घरी लिहून घेताना 'असं नको लिहूस, लोक काय म्हणतील' किंवा 'चहात बुडवून खाल्ल्या हे काय लिहायचं असतं का' असं म्हणू नका. बहुधा तेच वाक्य त्या निबंधातलं सगळ्यात खरं असतं.

ती मुलगी आता नववीत आहे. तिची वही त्याच वर्षी रद्दीत गेली असणार, त्यामुळे तिच्या ओळी मला आठवणीतून लिहाव्या लागल्या. एखादा शब्द इकडेतिकडे झाला असेल, पण मोहन कमी पडलं आणि मग मी रडले, ही दोन वाक्यं याच क्रमाने होती, हे नक्की आठवतं. गेल्या महिन्यात ती बाजारात आईबरोबर भेटली. मी तिला त्या शेऱ्याबद्दल सांगितलं. तिला तो निबंध आठवत नव्हता. शंकरपाळ्या मात्र आठवत होत्या. म्हणाली, 'बाई, अजून कडकच होतात.'

तुमच्याकडे वह्यांचा गठ्ठा असेल तर 'विषयाला सोडून' हा शेरा लिहिण्याआधी ते पान एकदा परत वाचा, एवढंच सांगते.